बाह्या नंतर लावल्या

सोसायटीच्या स्मरणिकेत कार्यकारिणीचे फोटो छापायचे ठरले. माझ्याकडचा एकुलता एक देखणा फोटो निघाला बिनबाह्यांच्या ड्रेसमधला. हनुवटी एकच दिसतेय, डोळे उघडे आहेत, पण दंड! फोटोशॉप मला येतं, म्हणून ड्रेसला लांब बाह्या तिथेच लावायच्या ठरवल्या.

नुसता दंडावर कापडाचा रंग फासला तर तो पायमोजा दिसतो. सगळी मेख मुंढ्यात आहे, आणि मुंढा म्हटला की मला राहवत नाही. बिनबाह्यांच्या ड्रेसचा मुंढा खांद्याच्या हाडाच्या बराच आत कापतात. बाहीची शिवण मात्र हाडाच्या टोकावर बसते. आहे त्याच कडेला बाही जोडली, तर ती मानेतून फुटल्यासारखी दिसते. म्हणून आधी खांद्यावरचं कापड हाडापर्यंत वाढवायचं, मग शिवण. तीही सरळ रेघ नव्हे. पुढचा मुंढा मागच्यापेक्षा खोल कापलेला असतो, त्यामुळे शिवण छातीकडे किंचित वळून काखेत उतरते. एक बारीक गडद रेघ, शेजारी तितकीच बारीक उजळ रेघ, आणि काखेतून निघालेल्या दोन-तीन चुण्या. आमचे शिंपीमास्तर मुंढा नीट बसल्याशिवाय पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. बाकी ड्रेस कसाही शिवला तरी चालेल, असं त्यांचं मत होतं, आणि ते तो तसाच शिवायचे.

कापडाची चिंता नव्हती. तयार ड्रेसच्या आत बाह्यांचे तुकडे टाचून देतात, ते मी कपाटात जपले होते. मूळ फोटोत उजेड डावीकडून होता, म्हणून तुकडेही तसेच खिडकीशी धरून टिपले. घेरातलं कापड उचललं असतं, तर तीच बुट्टी दर वितीवर डोकावली असती. उभा धागा दंडाच्या दिशेने लावला, कोपराशी वळवला. सावलीसाठी दंडाचीच प्रत काळी-पांढरी करून, उजळवून, जरा धूसर करून कापडावर `Multiply` ने ठेवली.

त्यासाठी दंड मोठा करून पाहिला, तर देवीच्या लसीचा वण दिसला. टोचताना मला मांडीवर घट्ट धरून बसली होती म्हणे आई, आणि माझ्याहून जास्त रडली होती. इतकी वर्षं हा वण मी पदराखाली ढकलत आले. कोणासाठी, कोण जाणे! धूसर करण्याआधी मूळ फोटो वेगळा जपून ठेवला.

शेवटची अडचण भूमितीची. बाही दंडावरून जाते, दंडातून नाही. खरी दिसायची तर ती दंडाहून रुंदच हवी. म्हणजे जे झाकायला निघाले, ते वाढलं! `Liquify` ने बाही आत ढकलली, तर मागचा खिडकीचा गज कमरेत वाकला. गज सरळ केला, दंड परत आला. छपाईची मुदत संध्याकाळची होती. गज वाकडाच पाठवला. बांधकाम समितीचं काम आहे ते.