लग्न झालंय, पण नांदत नाही

पुण्यातल्या पंचवीस-तीस बिऱ्हाडांच्या कुठल्याही सोसायटीत एक अण्णा असतात. कुठे त्यांना नाना म्हणतात, कुठे काका, पण माणूस तोच. टेलिफोन खात्यातून निवृत्त, शर्टाच्या खिशात टेस्टर, आणि दुसऱ्याच्या घरातली बिघडलेली वस्तू पाहिली की चेहऱ्यावर लग्नघरातल्या मामासारखी लगबग. पूर्वी लोक त्यांना डायलटोन गेला म्हणून बोलवायचे, मग केबलला मुंग्या आल्या म्हणून. आता ब्लूटूथसाठी बोलावतात.

अण्णांची परिभाषा ठरलेली आहे. फोन आणि दुसरं यंत्र यांचं पेअरिंग होणं म्हणजे लग्न, आणि रोजच्या रोज कनेक्ट होणं म्हणजे नांदणं. तक्रार घेऊन आलेल्याला ते आधी एवढंच विचारतात, "लग्नच होत नाहीये, का झालंय पण नांदत नाही?" नव्या माणसाला वाटतं, म्हातारा भलत्याच विषयात शिरला. जुने रहिवासी मात्र सरळ उत्तर देतात, "नांदतायत अण्णा, पण मधूनमधून अबोला."

हा अबोला म्हणजे कानातल्या इयरबडमधून गाणं तुटक तुटक येणं. बी विंगमधला एक कॉलेजकुमार परवा हीच कुरकुर घेऊन आला. घरात पडून ऐकलं तर मक्खन, सकाळी मैदानावर फेऱ्या मारायला गेलं की प्रत्येक ओळीत दोन उचक्या. दुकानदाराने बदलून दिलेल्या दुसऱ्या जोडीचीही तीच तऱ्हा. अण्णांनी त्याला गाणं डाउनलोड करून ऐकायला लावलं. तरीही अडखळलं, म्हणजे इंटरनेट निर्दोष सुटलं. मग विचारलं, "फोन कुठे ठेवतोस?" पँटच्या मागच्या डाव्या खिशात. "आता हातात, छातीपुढे धर आणि एक फेरी मार." फेरी मारून तो आला तेव्हा गाणं सरळ चाललं होतं आणि पोरगा अण्णांकडे मांत्रिकाकडे पाहावं तसा पाहत होता.

मंत्र काही नव्हता. ब्लूटूथ 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपास बोलतं, आणि त्या लहरी पाणी शोषून घेतं. माणूस निम्म्याहून जास्त पाण्याचा. मागच्या खिशातला फोन आणि कान यांच्यामध्ये कमरेपासून डोक्यापर्यंत उभी पाण्याची टाकीच येते. मग घरात कसं चालायचं? कारण घरात भिंती आहेत, छत आहे, गोदरेजचं कपाट आहे. सरळ वाट अडली तर लहर त्यांच्यावर आपटून वळसा घालून कानापर्यंत पोहोचते. मैदानावर आपटायला काहीच नाही, सुटलेली लहर गेली ती गेली. लोकांना वाटतं मोकळ्यावर सिग्नल जास्त चांगला असणार. अण्णांचं निम्मं राज्य या गैरसमजावर चाललेलं आहे.

गाण्याचे तुकडे हवेत हरवले तर फोन ते पुन्हा पाठवतो. इयरबडमध्ये सेकंदाच्या छोट्या अंशापुरतं गाणं साठवलेलं असतं, सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीसारखं. टँकर वेळेत आला तर खालच्या नळाला पत्ता लागत नाही. टाकी रिकामी झाली की नळ फुसफुसतो. कानात येते ती उचकी म्हणजे ती फुसफुस.

पण इयरबड हे अण्णांच्या दृष्टीने किरकोळ काम, चालता चालता उरकायचं. त्यांचा खरा आखाडा म्हणजे पार्किंग.

गेल्या महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी साडेसहाला तिसऱ्या मजल्यावरच्या बँकवाल्यांचं कुटुंब गुहागरला निघालं होतं. डिकीत बॅगा, मागच्या काचेशी उशा, पुढे लाडवांचा डबा. आणि गाडी काही फोन घेईना. बँकवाल्यांनी आठवड्यापूर्वी नवा फोन घेतला होता. जुन्यातलं सगळं नव्यात आलं होतं, फोटो, नंबर, गजर, इतकंच काय सोसायटीच्या ग्रुपवरची भांडणंसुद्धा. गाडीच्या पडद्यावर यादीत BABA हे नाव ठळक दिसत होतं. ते दाबत होते आणि गाडी दर वेळी Connection Failed म्हणत होती. सहा वेळा दाबून झालं होतं. सातव्यांदा त्यांनी जोरात दाबलं, जणू गाडीला पहिल्यांदा ऐकू आलं नव्हतं.

कोणी बोलावण्याआधीच अण्णा बनियनवर शर्ट चढवत खाली आले होते. गुहागरचा रस्ता, घाट, गणपतीचं दर्शन यांवर दोन मिनिटं बोलून झाल्यावर त्यांनी ड्रायव्हरच्या सीटचा ताबा घेतला.

"जुना फोन कुठाय?"

"घरी. कपाटात. बंद करून ठेवलाय."

"मग गाडी त्या कपाटाला हाका मारतेय."

हे अक्षरशः खरं होतं. गाडी फोनला नावाने ओळखत नाही, नाव फक्त माणसांना वाचायला असतं. प्रत्येक ब्लूटूथ यंत्राला स्वतःचा 48 बिटांचा पत्ता असतो आणि गाडी त्या पत्त्यावर जाते. जुन्या फोनचं नाव BABA, मुलाने हौसेने नव्याचंही BABA ठेवलेलं, पण यादीतला BABA हा कपाटातला होता. पत्त्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट असते. लग्नाच्या वेळी दोन्ही यंत्रं मिळून एक गुप्त किल्ली तयार करतात आणि तिची एकेक प्रत आपापल्याजवळ जपून ठेवतात. पुढे रोज भेटल्यावर आधी किल्ली जुळवायची आणि मग बोलायचं. नव्या फोनमध्ये फोटो आले, भांडणं आली, ती किल्ली आली नाही.

या किल्लीवरून अण्णांकडे येणारी सगळ्यात नेहमीची केस घडते ती एकतर्फी काडीमोडाची. फोन जुळत नाही म्हणून माणूस चिडून फोनमध्ये Forget दाबतो. फोनने आपली प्रत फेकून दिली, पण गाडीने जुनी छातीशी धरून ठेवली. आता फोन म्हणतो आपली ओळख नाही, गाडी म्हणते असं कसं, आणि दोघंही पडद्यावर मोघम काहीतरी लिहून मोकळे होतात. उपाय एकच, दोन्हीकडून नाव काढायचं, फोन एकदा बंद करून चालू करायचा, आणि पहिल्यापासून सगळे विधी करायचे. अण्णा याला "रीतसर सोडचिठ्ठी" म्हणतात आणि ती आपल्या हातून झाल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

इथे मात्र बँकवाल्यांच्या नव्या फोनला गाडी दिसतच नव्हती. यात गाडीचा दोष नाही. बऱ्याच गाड्या अनोळखी फोनला दर्शन देतात ते पडद्यावर Add New Device दाबल्यावरच, आणि तेही दोन-चार मिनिटांपुरतं. अण्णांनी ते दाबलं. गाडी म्हणाली, Device list full.

या गाडीची यादी होती पाच जणांची. अण्णांनी ती उघडली आणि पार्किंगमध्ये कौटुंबिक इतिहासाचं वाचन सुरू झालं. BABA. AAI. JIJU, म्हणजे मागच्या दिवाळीत गाडी मागून नेलेले जावई, ज्यांनी "फक्त पंढरपूरपर्यंत" म्हणून नेली होती. SERVICE BAY 2, म्हणजे सर्व्हिसिंगला दिली तेव्हा तिथला पोऱ्या दिवसभर आपली गाणी ऐकत होता. आणि पाचवा नुसता मॉडेलचा नंबर, जो घरातल्या कोणाच्याच ओळखीचा निघेना. बँकवालीणबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. बँकवाल्यांनी लाडवांच्या डब्याकडे पाहिलं.

"हा बेवारशी मी काढतो," अण्णा घाईघाईने म्हणाले. "आधी माझा फोन लावून बघू. माझा लागला तर गाडी ठणठणीत, मग खोट फोनमध्ये."

खरं तर खोट कशात आहे ते त्यांना केव्हाच कळलं होतं, पण स्वतःचा फोन लावल्याशिवाय अण्णांचं निदान पुरं होत नाही. तपासणीची रीत म्हणून ती चूकही नाही. गाडीवर सहा आकडे आले, फोनवर तेच सहा आले, दोन्हीकडे होकार दिला. पुष्कळ लोक फोनवर हो म्हणतात आणि गाडीवर म्हणायचं विसरतात, मग अर्ध्या मिनिटाने अक्षता वाया. फोनने विचारलं, नंबरांची वही गाडीला दाखवू का? अण्णांनी उदारपणे हो दाबलं. लगेच गाडीच्या स्पीकरांतून त्यांच्या फोनमधलं भीमण्णांचं अभंगगायन घुमलं आणि बी विंगच्या दोन खिडक्या उघडल्या.

मग जुना BABA काढला, नवा BABA आणला, पुन्हा सहा आकडे, पुन्हा होकार. या वेळी कॉल लागत होता, गाणं वाजत नव्हतं. अण्णांनी फोनच्या ब्लूटूथमध्ये गाडीच्या नावापुढचं चाक दाबून आत पाहिलं. फोन कॉल आणि गाण्यांचा आवाज यांची तिथे वेगवेगळी बटणं असतात, आणि गाण्याचं बंद होतं. ते सरकवलं. सात वाजून पाच मिनिटांनी बँकवाल्यांचा फोन गाडीत नांदायला लागला.

आता निघायचं. एवढ्यात बँकवालीणबाईंना गॅस बंद केल्याची खात्री वाटेना. बँकवाले गाडी बंद करून, फोन खिशात टाकून तिसऱ्या मजल्यावर धावले. मुलाला उकडत होतं, त्याने किल्ली फिरवून एसी लावला. अण्णा डिकीपाशी उभे राहून बाईंना सांगत होते की ब्लूटूथ हे नाव दहाव्या शतकातल्या हॅराल्ड नावाच्या डेन्मार्कच्या राजावरून पडलं, त्याने फुटून असलेल्या टोळ्या एकत्र आणल्या म्हणे, आणि ती निळी खूण म्हणजे त्याच्या नावाची दोन जुनी अक्षरं आहेत. बाई हं हं करत जिन्याकडे पाहत होत्या.

गाडी सुरू झाली की ती ओळखीच्या फोनांना हाका मारायला लागते. या गाडीची रीत अशी की ज्याच्याशी शेवटी बोलणं झालं त्याला पहिली हाक. तो फोन तीन स्लॅबांच्या वर गॅसची शेगडी तपासत होता. मग त्याच्या आधीच्याला हाक. तो डिकीपाशी, अण्णांच्या शर्टाच्या खिशात, टेस्टरच्या शेजारी होता आणि त्याने तत्परतेने ओ दिली.

पडद्यावर HEAD OFFICE असं नाव झळकलं आणि रिंग वाजायला लागली. मुलाला वाटलं बँकेतून बाबांना फोन आलाय. त्याने स्टिअरिंगवरचं हिरवं बटण दाबलं.

"अहो, कुठे उलथलात? पोह्यांचा दगड झाला. त्या बँकवाल्यांनी पगारावर ठेवलंय का तुम्हाला? मागच्या वेळी त्यांचा टीव्ही लावून दिलात तर चहासुद्धा विचारला नव्हता!"

आवाज चारही दारांतून, काचा खाली असल्याने सगळ्या पार्किंगभर गेला. अण्णा खिशातला फोन कानाला लावून "हॅलो, हॅलो" करत राहिले, पण त्यांचं बोलणं आता गाडीच्या छतातल्या माइकमधून जाणार होतं आणि ते डिकीमागे उभे होते. पलीकडे फक्त एसीची घरघर ऐकू जात असणार.

"बोलत का नाही? पुन्हा यंत्रात डोकं घातलंय ना?"

बँकवालीणबाईंनी शांतपणे लाडवांचा डबा उघडला आणि अण्णांपुढे धरला.