जुना द्या, नवा घ्या : होतकरू जाहिरातकारांसाठी पाच धडे

नवरात्र संपलं की भांड्यांच्या आणि विजेच्या उपकरणांच्या दुकानांत एकच प्रश्न फिरू लागतो : यंदाच्या एक्स्चेंजचं पत्रक कोण लिहिणार? मालकाला सवड नसते, हिशेब बघणाऱ्या काकांना जोडाक्षरांचा कंटाळा असतो, आणि शेवटी ज्याचं मराठी ‘तसं बरं आहे’ त्याच्या गळ्यात हे काम पडतं. तो बळी तुम्ही असाल तर घाबरू नका. एक कागद, एक पेन आणि मालकाला उलटा प्रश्न विचारण्याइतकी हिंमत, एवढं साहित्य पुरे. आपण सरावासाठी मिक्सर घेऊ, कारण दर दुसऱ्या घरात एक बंद पडलेला मिक्सर माळ्यावर असतोच.

धडा १ : मोठा आकडा काढणे

पत्रकाला मोठा आकडा लागतो, आणि तो काढणं सोपं आहे. खोक्यावरची छापील किंमत बघा. समजा, ७५० वॅटच्या, तीन भांड्यांच्या मिक्सरवर ६,४९९ रुपये छापलेत. त्यातून १,५०० वजा करा, उरले ४,९९९. आता ठसठशीत अक्षरांत लिहा : ‘जुना मिक्सर द्या, १,५०० रुपये वाचवा!’ मालक खूश होईल. चहा मागवेल.

चहा येईपर्यंत एक रसभंग करणारी कृती करा. काउंटरवरच्या मुलाला विचारा, की जुनं काही न आणता आलेल्या गिऱ्हाइकाला हाच मिक्सर आपण कितीला देतो? तो मान वर न करता सांगेल, “चार हजार आठशे नव्व्याण्णव.” म्हणजे माळ्यावरून मिक्सर उतरवून, पुसून, पिशवीत घालून, रिक्षा करून आलेल्या बाईंना रिकाम्या हाताने आलेल्या शेजारणीपेक्षा शंभर रुपये जास्त पडले. वर मिक्सरही गेला, आणि रिक्षाचे पैसे वेगळेच.

सूट छापील किमतीवर मोजायची आणि भाव मात्र एरवी वेगळाच लावायचा, ही या धंद्यातली सगळ्यात जुनी खोच. ती पकडायला गिऱ्हाइकाला गणित लागत नाही, शेजारीण पुरते. म्हणून पत्रकात सूट लिहिण्याआधी दोन भाव लिहायला शिका : जुना न देता किती, आणि जुना देऊन किती. या दोहोंतला फरक हीच खरी सूट. आपल्या दुकानाला जुन्या मिक्सरमागे खरोखर ६०० रुपये सोडता येत असतील, तर हिशेब असा : जुना न देता ४,८९९, जुना देऊन ४,२९९.

मालक म्हणेल, “१,५०० चे ६०० केलेस?” त्याला सांगा, की बिलाच्या बाजूनेही हाच भाव महत्त्वाचा आहे. केंद्रीय जीएसटी नियमांतल्या २७ व्या नियमात एक्स्चेंजचंच उदाहरण दिलेलं आहे : जुना फोन घेऊन नवा २०,००० ला दिला, पण जुन्याशिवाय तो २४,००० ला मिळत असेल, तर नव्या फोनचं बाजारमूल्य २४,०००. म्हणजे ‘जुन्याशिवाय कितीला देता?’ हे सरकारही विचारतं आणि शेजारीणही. दोघांना एकच उत्तर द्यावं, ते तब्येतीला बरं असतं.

धडा २ : तारा काढणे

आता मोठ्या आकड्याच्या डोक्यावर एक बारीकसा तारा काढा. पत्रकाच्या अगदी तळाशी, छापखान्याच्या नावाच्या शेजारी, तसाच तारा पुन्हा काढा आणि मुंगीच्या अक्षरांत लिहा : ‘अटी लागू’. अटी कोणत्या, हे लिहायचं नाही. लिहावंच लागलं तर इंग्रजीत लिहायचं. वरचं सगळं मराठीत, पणत्या आणि आकाशकंदीलही मराठी, फक्त अटी तेवढ्या परदेशी.

या कलेला जून २०२२ पासून थोडी अडचण आली आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वं काढली, आणि त्यांत नेमकं या ताऱ्यावरच बोट ठेवलं. खुलासा दाव्याच्याच भाषेत असावा, दाव्याच्याच अक्षरांत असावा, सहज दिसेल अशा जागी असावा. शिवाय वर केलेला खोटा दावा खालच्या खुलाशाने दुरुस्त करता येत नाही. ‘कोणताही जुना मिक्सर चालेल’ असं वर आणि ‘फक्त आमच्याच कंपनीचा’ असं खाली, ही अट नव्हे, ही माघार आहे.

पण कायदा बाजूला ठेवला तरी ताऱ्याचा एक व्यावहारिक तोटा आहे. लपवलेली अट नाहीशी होत नाही. ती काउंटरवरच्या मुलाला मोठ्याने सांगावी लागते, तेही धनत्रयोदशीच्या संध्याकाळी सात वाजता, रांगेतल्या वीस माणसांसमोर. पूर्वी दारावर येणारी बोहारीण या बाबतीत आपल्या सगळ्यांची गुरू होती. साडी उजेडात धरून ती आधीच सांगायची, “काठ बरा आहे ताई, पण पदर विरलाय, हिच्यावर पातेलं नाही, गाळणी येईल.” मग घासाघीस व्हायची, पण फसवणुकीची तक्रार कुणी करायचं नाही. अट सौद्याच्या आधी सांगितली की तिला भाव म्हणतात. नंतर सांगितली की भांडण.

धडा ३ : ‘चालू स्थितीत’ असे लिहिणे

प्रत्येक पत्रकात एक ओळ आपोआप येते : ‘जुनी वस्तू चालू स्थितीत असावी.’ ही ओळ लिहायला कष्ट पडत नाहीत, म्हणून नवशिक्यांना ती फार आवडते. आता काउंटरवर काय होतं ते पाहा. बाई मिक्सर ठेवतात. मुलगा प्लग लावतो, बटण फिरवतो. मिक्सर गप्प. मुलगा म्हणतो, “बंद आहे, चालणार नाही.” बाई म्हणतात, “काल तर चटणी केली.”

बहुतेक वेळा बाई खरं बोलत असतात. मिक्सर उलटा केला तर बुडाशी एक छोटं बटण दिसतं, बहुधा लाल. मोटरवर जास्त ताण आला की ते आपोआप बाहेर येतं आणि वीज तुटते. थोडा वेळ थांबून ते आत दाबलं की मिक्सर पुन्हा गुरगुरतो. डाळ जास्त भरली म्हणून निवृत्त झालेले कितीतरी मिक्सर या एका बटणासाठी माळ्यावर बसलेले आहेत. पण ते दाबण्यात दुकानाला एक धोका आहे. मिक्सर सुरू झाला की बाई तो परत पिशवीत घालतील आणि नुसतं आकाशकंदिलाचं दुकान विचारून निघून जातील.

या पेचातून सुटायचं तर मालकाला विचारा : जुन्या मिक्सरचं आपण करतो काय? तो दुरुस्त करून विकत नाही, मोडीत देतो. मोडीत किंमत असते ती मोटरमधल्या तारेला आणि धातूला. मोटर फिरते की नाही याचं मोडीवाल्याला काही सोयरसुतक नसतं. मग ‘चालू स्थितीत’ या अटीचा उपयोग कुणाला? कुणालाच नाही. ती काढा आणि खरी अट लिहा : ‘चालू किंवा बंद, कसाही चालेल, आत मोटर हवी.’ चटणीचं भांडं हरवलेलं असलं तरी चालेल, हेही लिहा, कारण हा प्रश्न नक्की येतो. ते भांडं हरवलेलंच असतं.

हीच कसोटी प्रत्येक अटीला लावा. जुन्या गॅस शेगडीसाठी ‘बर्नरसह’ ही अट योग्य आहे, कारण पितळी बर्नर असतील तर मोडीतली किंमत त्यांच्यातच असते. कुकरसाठी ‘झाकणासह’ योग्य आहे, कारण ॲल्युमिनियम वजनावर जातं. पण ‘शिट्टी आणि रबरी रिंगसह’ का? मालकाला उत्तर देता आलं नाही, तर ती अट मागच्या वर्षीच्या पत्रकातून चालत आलेली आहे असं समजा आणि खोडा. मोडीचंही सांगायला हवं : मिक्सर हा ई-कचरा आहे. २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. तेव्हा तो नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे कसा जाणार, हे मालकाने पत्रक छापायच्या आधी ठरवलेलं बरं.

धडा ४ : ‘दिवाळीपर्यंत’

मुदत लिहिताना ‘दिवाळीपर्यंत’ लिहा आणि गंमत बघा. कुणाची दिवाळी भाऊबीजेला संपते, कुणाची तुळशीच्या लग्नाला, आणि कोकणातले एखादे काका मार्गशीर्षात देवदिवाळीला जुना मिक्सर घेऊन हजर होतात. तिघेही आपापल्या परीने बरोबर असतात. म्हणून तारीख लिहा, आणि दुकान बंद होण्याची वेळही.

‘स्टॉक असेपर्यंत’ हेही असंच. माल मोजका असेल तर तसं सांगायलाच हवं, पण किती मोजका, हे सांगितलं तर विश्वास बसतो. चारच नग ठेवून गावभर पत्रकं वाटणं म्हणजे गळाला आमिष लावणं, आणि २०२२ च्या त्याच तत्त्वांत आमिषाच्या जाहिरातींवरही स्वतंत्र कलम आहे.

एक प्रश्न मात्र मालकही विसरतो : नवा मिक्सर बिघडलेला निघाला तर? जुना तर मोडीत गेला. ४,२९९ परत द्यायचे की ४,८९९? हे आधी ठरवून लिहा. सोपं उत्तर : बिघडलेला निघाला तर त्याच मॉडेलचा दुसरा मिळेल, तो नसेल तर ४,८९९ परत.

धडा ५ : नमुना पत्रक

> जुना मिक्सर द्या, नव्यावर ६०० रुपये कमी
> ७५० वॅट, ३ भांडी
> जुना न देता : ४,८९९ रुपये
> जुना देऊन : ४,२९९ रुपये (सर्व करांसह)
> जुना मिक्सर कुठल्याही कंपनीचा, चालू किंवा बंद. आत मोटर हवी. भांडी नसली तरी चालेल.
> एका नव्यावर एकच जुना. खरेदीच्या वेळीच आणावा.
> रोख, कार्ड, यूपीआय : भाव एकच.
> ६ ते ११ नोव्हेंबर, रात्री ९ पर्यंत. एकूण ४० नग. संपले की दारावर पाटी लावू.
> नवा बिघडलेला निघाल्यास ७ दिवसांत बदलून मिळेल. ते मॉडेल शिल्लक नसेल तर ४,८९९ परत.

सगळी अक्षरं एकाच आकाराची ठेवा. मालक म्हणेल, “यात जाहिरात कुठे आहे? ही तर नुसती माहिती आहे.” वाद घालू नका. पत्रक छापा आणि पहिल्या संध्याकाळी काउंटरपाशी वही घेऊन उभे राहा. गिऱ्हाईक जे जे विचारेल ते लिहून घ्या. “पार्किंग कुठे?” आणि “अजून काही कमी होईल का?” हे दोन सोडून जो प्रश्न तिसऱ्यांदा आला, त्याचं उत्तर पत्रकात राहून गेलंय. रात्रीच दुरुस्त करा, दुसऱ्या दिवशीची पत्रकं अजून छापायची आहेत.