जामीनदार जावई

अधिक महिन्यात सासुरवाडीहून चांदीच्या ताटलीतून 33 अनारसे आले, आणि तेव्हापासून माझी जीभ बांधली गेली. मेहुणा फोनवर "दाजी, जरा अडचण होती" म्हणाला, की मी आधी होकार देई आणि मग रक्कम विचारी. नकाराची तालीम आरशासमोर करून पाहिली, तर आरशातल्या माणसालाही शेवटी "किती पाहिजेत?" असंच विचारून बसलो.

बायकोला यातलं काही सांगायचं नाही, हा माझा मोठेपणा. तिला माहेरची लाज वाटायला नको! नेमका हाच मोठेपणा ती माझ्यापासून लपवून करत होती. सेकंडहँड टेम्पोच्या एकाच हप्त्यासाठी मेहुण्याने दाजींकडून 8,000 नेले आणि ताईकडूनही 8,000. गीझर बिघडला, दोघांच्याही खात्यात खडखडाट निघाला, तेव्हा हे फुटलं. त्या टेम्पोत आम्ही अजून बसलेलोही नाही.

मग गाडी पतसंस्थेपर्यंत गेली. "दाजी, फक्त सही." जामीनदार म्हणजे साक्षीदाराचा थोरला भाऊ, अशी माझी समजूत. पेनाचं टोपण काढलं होतं, तेवढ्यात बायकोने कागद ओढून घेतला. 1872 च्या करार कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच धरली आहे. करारात वेगळं लिहिलेलं नसेल, तर आधी कर्जदाराच्या मागे लागायचं बंधनही संस्थेवर नाही. हप्ता थकला की ती सरळ माझ्या दारात.

त्या रात्री जेवणाची ताटं तशीच ठेवून आम्ही ठरवलं. दोन्हीकडच्या नातेवाइकांसाठी मिळून महिन्याला 2,000 बाजूला काढायचे. ते संपले, की पुढच्या महिन्यापर्यंत विषय बंद. दिलेले पैसे परत येणार नाहीत असं धरूनच द्यायचे, म्हणजे लग्नकार्यात समोरच्याचे नवे बूट बघून पोटात कळ येत नाही. दवाखान्याचं बिल किंवा शाळेची फी असेल, तर परस्पर तिथेच भरायची. सही कुठेही नाही. फोनवर कुणीही एकट्याने कबूल व्हायचं नाही, "घरी बोलून उद्या सांगतो" एवढंच म्हणायचं. आणि नकार द्यायचा तो रक्ताच्या माणसाने. जावयाने नाही म्हटलं तर तो माजलेला ठरतो. बहीण फार तर खडूस ठरते, आणि तशी ती लहानपणापासूनच असते.

मेहुणा आला. बायकोने चहा गाळता गाळताच सांगितलं, "सही मिळणार नाही. आधीचे आम्ही मागत नाही, पण नवेही मिळणार नाहीत." माफी मागायला मी तोंड उघडणार, तोच तिने बिस्किटांची बशी माझ्या हातात कोंबली. मेहुणा म्हणाला, "बरं. साखर जरा कमी टाक, ताई." ज्या भीतीने मी वर्षानुवर्षं पैसे मोजले, तिचा एवढाच ऐवज निघाला. माझी झोप मात्र आठवडाभर उडाली होती. बायको छान घोरत होती.

परवा माझ्या धाकट्या काकांचा फोन आला. "बाळा, मोकळा आहेस का?" मी आशेने बायकोकडे पाहिलं. "रक्त तुझं," ती म्हणाली आणि स्पीकर चालू केला.