आहेराच्या वहीतला चौथा रकाना

डोंबिवली पूर्वेत दर दोन इमारतींमागे एक तरी आभारकाकू सापडते. घरातलं लग्न उरकून सत्यनारायण झाला की बाकीचे आडवे होतात आणि ही आहेराची वही उघडते. हॉलच्या दारात भाच्याला बसवून लिहून घेतलेल्या वहीत नाव, गाव, आहेर असे तीन रकाने. काकू बँकेतून निवृत्त, म्हणून हिच्या वहीत चौथाही : 'काय केलं'.

त्यावरून ती आभारपत्रं लिहिते. 'आपल्या उपस्थितीने कार्यास शोभा आली' हा मजकूर तिला वर्ज्य. पत्र लिहून झालं की ती वरचं नाव झाकते. तेच पत्र शेजारच्या ब्लॉकमध्येही खपेलसं वाटलं, तर टराटरा फाडते.

परवाचंच घ्या. लग्न ठाण्यात, रविवारी, वर मेगाब्लॉक. पुतण्याने पहाटे कल्याणच्या फुलबाजारातून हार आणले. काकांनी लिहिलं, 'तुझी फार मदत झाली.' काकूने ते खोडलं. "अहो, मदत तर केटररनेही केली, पैसे घेऊन!" मग स्वतः लिहिलं, 'ब्लॉक सुरू व्हायच्या आत तू करंडी डोक्यावर धरून ठाण्याला उतरलास. पाकळी चुरगळली नव्हती. शर्ट मात्र पार गेला होता. अंतरपाट दूर झाला तेव्हा नवऱ्याच्या हातात हार होता, तो तुझ्यामुळे.'

पाकिटातला आकडा पत्रात घालायचा नाही, हा तिचा कडक नियम. आकडा वहीत, उद्या त्यांच्या घरच्या कार्यात तो लागणार. पत्रात त्या पैशांचं काय झालं एवढंच : 'लेकीने त्यातून कुकर घेतला, पहिला वरणभात त्यातच झाला.'

खरी पंचाईत वस्तूंची. पोरं कागद एकदम फाडतात, नावाच्या चिठ्ठ्या केरात जातात आणि दोन लेमन सेट बेवारस उरतात. म्हणून आता काकू स्वतः शेजारी बसते आणि एक वस्तू उघडली, की तळाला नावाची पट्टी चिकटवूनच दुसरीला हात लावू देते. भिंतीवरची घड्याळं तीन आली, तरी तिसऱ्यालाही खोटं लिहिलं नाही : 'तुमचं घड्याळ दाराशी लावून दहा मिनिटं पुढे ठेवलंय. जावयांची लोकल हल्ली चुकत नाही.'

अडली ती फक्त वन्संपाशी. त्यांचा चौथा रकाना कोरा. हळदीपासून पाठवणीपर्यंत त्या पंख्याखालच्या खुर्चीवरून उठल्या नव्हत्या. उठल्या त्या तेवढ्या जेवायला. तीन कागद फाटले. शेवटी काकूने लिहिलं, 'एवढ्या धावपळीत तुम्ही कुठे आहात, हे कुणालाही शोधावं लागलं नाही.'

वन्संनी ते पत्र फ्रेम करून दिवाणखान्यात लावलंय.