लोभ असावा, सामान नसावे

सोसायटीच्या सेक्रेटरीपदासाठी मी उभा राहिलो नव्हतो. वार्षिक सभेत पाणी प्यायला उठलो आणि परत येईपर्यंत निवडून आलो होतो. मी नकार देणार, एवढ्यात कुणीतरी म्हणालं, "सरांनी तीस वर्षं मराठी शिकवलंय. निदान पत्रं तरी वाचनीय होतील." इथे मी विरघळलो. माझं लेखन वाचनीय आहे असं याआधी फक्त मीच म्हणत असे.

त्यामुळे तात्यांना नोटीस द्यायची वेळ आली तेव्हा खोटं कशाला बोला, मला आनंदच झाला.

तात्या आमच्याच मजल्यावर, समोरच्या दारात. गेल्या नोव्हेंबरात त्यांनी गावाकडचं घर मोकळं केलं आणि तिथलं सामान जिन्याच्या शेवटच्या चौकात, गच्चीच्या दारापुढे, आणून ठेवलं. एक लाकडी नांगर फाळासकट, एक जू, तीन इरली आणि शेणाने सारवलेली पुरुषभर उंचीची कणगी. जे चौकात मावलं नाही ते गच्चीवर निळ्या ताडपत्रीखाली गेलं. मी हिची शिवणकामाची टेप घेऊन वाट मोजली. चौक चार फुटांचा, मोकळी उरलेली वाट एकोणीस इंच. मग त्याच टेपने कुतूहल म्हणून स्वतःला आडवं मोजलं. तो आकडा इथे देण्याची गरज नाही. पण गच्चीवर जाताना मी नांगराच्या दांडीला पोट लावून, श्वास आत ओढून, खेकड्यासारखा सरकत असे.

तरी मी सात महिने काही बोललो नाही. जून लागला, पहिला मोठा पाऊस झाला, आणि तात्यांची ताडपत्री वाऱ्याने सरकून गच्चीच्या पन्हळीच्या जाळीवर बसली. आमच्या गच्चीला पाणी जायला दोनच वाटा. एक अशी झाकली गेली, दुसरीत शेजारच्या आंब्याची पानं आणि वेफरचं पाकीट. गच्ची सुमारे दीड हजार चौरस फुटांची, म्हणजे एकशेचाळीस चौरस मीटर धरा. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. लोणावळ्यात दिवसाला १०० मिलिमीटर पडला तर इथे कुणी वर बघतसुद्धा नाही. पण आमच्या गच्चीवर ते १४,००० लिटर होतात. म्हणजे भर उन्हाळ्यात आपण ज्याची वाट बघतो तो दहा हजारांचा टँकर एक पूर्ण, वर दुसऱ्यातलं थोडंसं. वजन चौदा टन. वाहून गेलं तर ठीक. अडलं तर ते कडेच्या वाट्यातली, म्हणजे स्लॅब आणि कठडा जिथे मिळतात तिथली भेग शोधतं. आमच्या गच्चीवर पाणी बोटभर, मग वीतभर चढलं. दुसऱ्या दिवशी माझ्या छतावर आधी चहाच्या बशीएवढा पिवळट डाग उमटला, मग त्याची परात झाली आणि मग तो ठिबकायला लागला.

ठिबकला तो नेमका माझ्या कवितासंग्रहाच्या गठ्ठ्यावर. स्वखर्चाने काढलेल्या ३०० प्रतींपैकी २०८ प्रती अजून घरीच होत्या. माझ्या कवितेत ओलावा नाही असं एका समीक्षकाने लिहिलं होतं. ती त्रुटी तात्यांनी एका रात्रीत भरून काढली. ११६ प्रती फुगून उशीसारख्या झाल्या.

मी नोटीस लिहायला बसलो.

पहिला प्रश्न मायन्याचा. हल्ली माणसं थेट मुद्द्यावर येतात, हा माझ्या मते संस्कृतीचा ऱ्हास आहे. आमच्या लहानपणी वडिलांना 'तीर्थरूप' लिहायचं आणि शेजारच्या काकांना 'तीर्थस्वरूप', आणि ही गल्लत करणाऱ्याच्या कानशिलात बसायची. कारण रूप आपल्या घरचं, स्वरूप दुसऱ्याच्या. वयाने मोठा असेल तर 'सा. न. वि. वि.', म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष. फारच आदर असला तर मागे 'कृ.' लागायचा, कृतानेक, म्हणजे साष्टांग नमस्कार एक नव्हे, पुष्कळ. हा नमस्कार कागदावर घालायला कमरेचा त्रास होत नसल्यामुळे लोक तो सढळ हाताने घालत. आणि 'श्री. रा. रा.'! श्रीयुत राजमान्य राजेश्री. ज्याची मान्यता तलाठ्याकडेही नाही त्यालासुद्धा पोस्टमन राजमान्य म्हणून हाक मारून जायचा. शेवट तर त्याहून देखणा. जुन्या पत्रांत भरपूर सुनावून झाल्यावर लिहीत, 'बहुत काय लिहिणे, आपण सुज्ञ असा.' समोरच्याला गप्प करायला याहून मऊ वाक्य मराठीत झालं नाही. आपल्या या मावळातल्या देशमुखांना असे किती कागद आले असतील, आणि ते वाचून किती जणांच्या पोटात गोळा आला असेल! आमच्या पिढीने 'कळावे, लोभ असावा' यावर भागवलं. आता तेही गेलं. आता अंगठा.

तर मी 'तीर्थस्वरूप तात्यांस, कृ. सा. न. वि. वि.' असा आरंभ केला. पहिल्या पानावर शेजारधर्म, दुसऱ्यावर वर्षाऋतू. तिसऱ्यावर कायदा: सहकार खात्याच्या आदर्श उपविधींप्रमाणे जिना, चौक, गच्ची या जागा सगळ्यांच्या, कुणा एकाने अडवल्या तर त्या मोकळ्या कराव्या लागतात आणि जेवढे महिने अडवल्या त्या प्रत्येक महिन्याला मासिक देखभाल खर्चाच्या पाचपट रक्कम भरावी लागते. आमची देखभाल १,२०० रुपये. पाचपट ६,०००, गुणिले आठ महिने, ४८,००० रुपये. हा गुणाकार मी तीनदा केला, चुकला म्हणून नव्हे, गोड लागला म्हणून. चौथ्या पानावर 'लोभ असावा'. हिने वाचलं आणि विचारलं, "यात सामान हलवा असं कुठे लिहिलंय?" मी म्हटलं, ते ध्वनित आहे.

तात्यांनी नोटीस त्या चौकातच, जुवावर बसून वाचली. चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवून, चारही पानं. मी एकोणीस इंचांत अवघडून उभा. दादेची अपेक्षा होती, लपवत नाही.

"अक्षर चांगलंय," तात्या म्हणाले. "पण सर, ही नोटीस न्हाई. ही लग्नपत्रिका हाये."

मी काही बोलायच्या आत त्यांनी विचारलं, "ठराव झालाय का कमिटीचा?"

झाला नव्हता.

"मग ही तुमची चिठ्ठी झाली, सोसायटीची न्हवं. आन् हे बगा, तुमी लिवलंय 'काही काळापासून'. काही काळ म्हंजी? तारीक टाका. 'बरीचशी वाट' म्हंजी किती? फूट टाका. आन् मी काय करायचं, कवापत्तुर करायचं, ते कुटंय? पैशाचं आधी लिवलंय, कामाचं न्हाईच."

एवढं सगळं त्यांना कसं ठाऊक, हे विचारायची गरज पडली नाही. ते आपणहूनच बोलायला लागले. त्यांच्या शेताकडे जाणारी गाडीवाट होती, आजोबांपासूनची. खालची जमीन कुणी बंगल्यासाठी घेतली आणि एका रविवारी वाटेवर लोखंडी फाटक उभं राहिलं. तात्या वडगावला तहसील कचेरीत गेले. शेताची वाट अडवली तर १९०६ सालच्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदाराकडे दावा लावता येतो, पण वाट अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. सातव्या महिन्यात गेलात तर ती खिडकी बंद. तात्या चौथ्या महिन्यात गेले होते. पहिला अर्ज त्यांनीही माझ्यासारखाच लिहिला होता, सगळं दुःख ओतून. कारकुनाने तो परत करून विचारलं, गट नंबर काय, वाट किती रुंद, फाटक कोणत्या तारखेला लावलं? मग स्थळपाहणी, पंचनामा, तारखा. हुकूम तात्यांच्या बाजूने झाला.

"मग?" मी विचारलं.

"मंग काय. तवर बैल इकलं व्हतं. वाट मोकळी झाली, गाडी कुटं राहिली? पोरांनी जमीनबी दिऊन टाकली." त्यांनी जुवावरून हात फिरवला. त्यावर बैलांच्या मानेने घासून आलेली दोन गुळगुळीत खळगी होती, शाळेतल्या बाकासारखी चकचकीत. "आता सांगा, त्या फाटकवाल्याला कितीपट लावायचं तुमच्या त्या कायद्यात?"

मला उत्तर आलं नाही. या डोंगरांच्या ओढ्यांवर भिंती उभ्या राहतात, अख्खी टेकडी कुंपणात जाते, आणि ते करणाऱ्यांना नोटीस लिहायला माझ्यासारखा कुणी मायना शोधत बसत नाही. आम्ही टेप घेऊन फिरतो ते एका म्हाताऱ्याच्या नांगराभोवती. हे खरं आहे. आणि छत गळतंय, हेही तितकंच खरं. रात्री जिन्यात दिवे गेले आणि कुणाला घाईने वर किंवा खाली जायचं झालं, तर नांगराचा फाळ गट नंबर विचारणार नाही.

ते मी तात्यांना तसंच, मायन्याशिवाय सांगितलं. तात्या म्हणाले, "आत्ता कसं बोललात. लिवा."

कमिटीचा ठराव त्याच संध्याकाळी झाला आणि नोटीस तात्यांनी मला तोंडी सांगितली, स्वतःच्याच विरुद्ध. ती अशी:

"जिन्याच्या वरच्या चौकात नोव्हेंबरपासून तुमचे सामान आहे. वाट चार फूट, मोकळी एकोणीस इंच. गच्चीवर तुमच्या ताडपत्रीने एक जाळी झाकली जाते, त्याने वरच्या मजल्याचे छत गळते. ताडपत्री आजच काढावी. बाकीचे सामान येत्या रविवारी दुपारपर्यंत हलवावे. सकाळी दहाला चार जण मदतीला येतील. तोवर हलवल्यास दंड आकारला जाणार नाही. सामान सोसायटी परस्पर हलवणार नाही."

शेवटचं वाक्य मी घातलं नसतं. तात्या म्हणाले, ते हवंच. नोटीस देणाऱ्याने स्वतः हात लावला की त्याची बाजू पडते.

मी चाचरत विचारलं, "खाली 'लोभ असावा' लिहू?"

"लिवा," ते म्हणाले. "जागा हाये."

मी उदारपणे पंपाची खोली देऊ केली, तर तात्यांनी ती नाकारली: "तीबी समद्यांचीच न्हवं का?" सेक्रेटरी कोण होतं, हे त्या आठवड्यात नक्की सांगता आलं नसतं. रविवारी नांगर आणि जू पुतण्याच्या गोठ्यात गेलं. इरली तात्यांच्या बाल्कनीत टांगली आहेत. दोन्ही जाळ्या मी आता दर शनिवारी हाताने साफ करतो. जून ते सप्टेंबर तेवढं करावंच लागतं.

राहिली कणगी. ती तात्यांच्या दारातून आत जाईना. माझ्या बैठकीत फुगलेली पुस्तकं रद्दीत गेल्यामुळे एक कोपरा रिकामा झाला होता, तिथे ती बसली. आत ९२ कोरड्या प्रती आरामात मावल्या आहेत. कुणाला हव्या असतील तर कळवावे. टपालखर्च माझा.