शिक्का, तारीख आणि शुगर-फ्रीच्या गोळ्या

२५ सप्टेंबरला जागतिक फार्मासिस्ट दिन असतो, हे फार्मासिस्ट सोडून फारसं कुणाला ठाऊक नसतं. कोथरूडच्या एका औषधाच्या दुकानात मात्र त्या दिवशी फुकट साखर तपासून मिळते, म्हणून तिथल्या गिऱ्हाइकांना तो पाठ आहे. यंदा दुकानाचे मालक, ज्यांना सगळं कोथरूड भाऊ म्हणतं, त्यांनी बेत बदलला आणि तपासणीऐवजी पंधरा मिनिटांचं भाषण ठेवलं. विषय होता, विम्याच्या दाव्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी आणि औषधाचं बिल कसं सांभाळावं. खुर्च्या भरल्या, कारण बेत बदलल्याचा बोर्ड कुणी वाचलाच नव्हता. चार-पाच जण तर उपाशीपोटी आले होते.

भाऊंनी पहिल्यांदा एक कागद वर धरला. लॅमिनेट केलेला, कडा छान गोल कापलेल्या, आणि मधे तव्याच्या बुडासारखा काळा. हे औषधाचं बिल होतं. एका काटेकोर गृहस्थांनी ते खराब होऊ नये म्हणून लॅमिनेशनला दिलं आणि दोन सेकंदांत त्याचं असं झालं. हल्ली दुकानात जी छोटी बिलं निघतात त्यांवर शाई नसतेच. कागदावर रसायनाचा थर असतो, प्रिंटर त्याला जिथे चटका देतो तिथे अक्षर उमटतं. लॅमिनेशनच्या यंत्राने सगळ्याच कागदाला चटका दिला, म्हणजे एका परीने बिलाचा प्रत्येक कोपरा छापून निघाला.

उलटी गतही होते. बिल मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवलं, त्यावर चिकटपट्टी लावली, किंवा गॅसच्या ओट्यावरच्या फळीत डब्याखाली सरकवलं, तर काही महिन्यांत अक्षरं फिकट होत होत नाहीशी होतात. कागद शाबूत, मजकूर गायब. यावर भाऊंचा उपाय दोन रुपयांचा आहे: त्याच दिवशी साध्या कागदावर झेरॉक्स काढायची, तिच्यावर दुकानाचा शिक्का आणि सही घ्यायची, आणि मूळ बिल तिलाच टाचून कागदाच्या फाइलमध्ये ठेवायचं. मोबाइलवर फोटोही काढावा. मात्र फोटो नातवाच्या वाढदिवसाच्या तीनशे फोटोंत मिसळू देऊ नये, असं त्यांनी समोरच्या एका आजोबांकडे बघून सांगितलं. आजोबांनी मोबाइल खिशात टाकला.

नंतर नावाचा विषय निघाला आणि सभेत चुळबुळ झाली. बिलावर कुणाचं नाव घालू, असं काउंटरवर विचारलं की लोक जे सांगतात त्याचा भाऊंकडे संग्रह आहे. माई. अप्पा. साने सरांच्या शेजारचे. घाला काहीतरी. चिठ्ठीवर रुग्णाचं पूर्ण नाव असतं, पॉलिसीवरही पूर्ण नाव असतं, आणि मधेच बिलावर 'माई' बसलेल्या असतात. विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणाऱ्या टीपीएच्या माणसाला माई कोण हे माहीत असण्याचं काही कारण नाही. पैसे मुलाने दिले, म्हणून बिल मुलाच्या नावावर, हाही तितकाच लाडका प्रकार. बिलावर नाव पेशंटचं हवं. पाकीट कुणाचं होतं याला महत्त्व नाही.

चिठ्ठीची तारीख बिलाच्या आधीची किंवा त्याच दिवसाची पाहिजे. हे सांगावं लागतं, याचं कारण आपल्याकडे प्रत्येक कुटुंबात एक डॉक्टर भाचा असतो. तो फोनवर औषध सांगतो, आपण ते लग्नपत्रिकेच्या पाकिटावर लिहून घेतो, दुकानात जातो, आणि आठवड्याने भाच्याकडून रीतसर चिठ्ठी मागवतो. कागदोपत्री मग असं दिसतं की पेशंटने आधी औषध घेतलं आणि मग त्याला आजार सुचला. चिठ्ठीवर डॉक्टरांचं नाव, नोंदणी क्रमांक, तारीख, पेशंटचं नाव आणि सही हवी. भाऊंच्या मते लग्नपत्रिकेच्या पाकिटावर यांतलं एकच असतं, ते म्हणजे तारीख, आणि तीही दुसऱ्याच्या लग्नाची.

एका काकूंनी जुनी तक्रार काढली. तुम्ही चिठ्ठीवर शिक्के मारून कागद घाण करता. भाऊ खुलले. शेड्यूल एचमधली औषधं, म्हणजे अँटिबायोटिकपासून रक्तदाबाच्या गोळ्यांपर्यंत बरंच काही, देताना डॉक्टरांच्या सहीच्या वर दुकानाचं नाव, पत्ता आणि दिल्याची तारीख नोंदवायची, असं १९४५ सालच्या औषध नियमांतच लिहिलंय. डॉक्टरांनी तसं लिहिलं नसेल तर त्याच चिठ्ठीवर तेच औषध पुन्हा द्यायचं नसतं, हेही त्याच नियमात आहे. काकू चिठ्ठी दर महिन्याला घडी घालून आणतात, ती आता घडीवर चार तुकड्यांत विभागली गेली आहे, आणि शिक्का पाहिला की त्यांना आपल्यावर पाळत ठेवल्यासारखं वाटतं. पण दाव्यात तोच शिक्का कामी येतो. ही चिठ्ठी आणि हे बिल एकाच दिवशी एका काउंटरवर भेटले होते, याचा पुरावा तेवढाच.

यानंतर भाऊंनी एका ओळखीच्या गिऱ्हाइकाची फाइल उघडली. बँकेतून निवृत्त झालेले हे गृहस्थ पहिल्या रांगेतच बसले होते आणि आपलं उदाहरण दिलं जातंय यावर खूश होते. त्यांची पॉलिसी आरोग्य संजीवनी, म्हणजे २०२० साली सगळ्या कंपन्यांना सारख्या अटींवर विकायला लावलेली. तिच्यात दाखल होण्याआधीचे ३० दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे ६० दिवस एवढ्यातला त्याच आजाराचा खर्च मिळतो. दुसऱ्या पॉलिसींत हे दिवस वेगळे असू शकतात, ते आपल्या पॉलिसीत बघायचे.

साहेबांचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. १० मार्चला दाखल झाले, १३ मार्चला घरी आले. हॉस्पिटलचं बिल कॅशलेसमध्ये गेलं. बहुतेक लोक इथेच फाइल बंद करतात. पण साहेबांनी जन्मभर दुसऱ्यांची व्हाउचर तपासली होती, ते बाहेरचा खर्च कसा सोडतील? त्यांनी एकंदर ५,५३५ रुपयांचे कागद जोडले.

आता कात्री बघा. मागे ३० दिवस मोजले की ८ फेब्रुवारी येते. सर्जनना पहिल्यांदा दाखवलं २० फेब्रुवारीला, त्यांची फी ८०० रुपये, सोनोग्राफीचे १,५०० आणि औषधांचे ४६० हे सगळं आत बसलं. पण दुखतंय म्हणून घरच्या डॉक्टरांकडून २ फेब्रुवारीला घेतलेलं ३५० रुपयांचं औषध बाहेर राहिलं. घरी सोडताना मिळालेल्या डिस्चार्ज कार्डावर पुढची औषधं लिहिलेली असतात, तीच चिठ्ठी म्हणून चालते. त्यावर १३ मार्चला १,२४० रुपयांची खरेदी झाली. त्यात १८० रुपयांचा थर्मामीटर होता आणि १४० रुपयांच्या शुगर-फ्रीच्या गोळ्या. विमा नियामकाची, न देण्याच्या वस्तूंची एक यादी आहे. तिच्यात थर्मामीटर आहे, डायपर आहे, क्रेप बँडेज आहे, कॅरी बॅग आहे, आणि शुगर-फ्रीच्या गोळ्याही नाव घेऊन आहेत. यादी करणारा माणूस औषधाच्या दुकानात बराच वेळ उभा राहिला असणार. म्हणजे १,२४० पैकी ९२० उरले. २१ मार्चला ड्रेसिंग आणि फीचे ६०० आणि औषधांचे ३१० मिळाले. पुढे ६० दिवस म्हणजे १२ मे. साहेबांनी शेवटची औषधं घेतली १४ मेला, २७५ रुपयांची. दोन दिवसांच्या उशिराने ते पैसे गेले.

उरले ४,५९०. या पॉलिसीत ५ टक्के स्वतः सोसायचे असतात, ते वजा जाता ४,३६० रुपये ५० पैसे. पन्नास पैशांचं पुढे काय झालं ते साहेब सांगायला उठले होते. त्यांना प्रेमाने खाली बसवण्यात आलं.

याच फाइलवरून भाऊंनी आणखी एक शहाणपण सांगितलं. थर्मामीटर, शाम्पू आणि बिस्किटं घ्यायची असतील तर त्यांचं बिल वेगळं करून मागा. एकत्र बिलात ती वजा होतातच, वर तपासणाऱ्याची नजर बाकीच्या ओळींवरही रेंगाळते. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या लिहिल्या असताना पंधरा दिवसांच्या घेतल्या की तिथेही तो थांबतो. आणि मूळ कागद कंपनीकडे एकदा गेले की पुढच्या तपासणीला डॉक्टरांना दाखवायला काही उरत नाही, म्हणून पाठवण्याआधी सगळ्याचा झेरॉक्स संच घरी हवा. संजीवनीत हॉस्पिटलचा आणि आधीचा खर्च घरी आल्यापासून ३० दिवसांत मागायचा असतो, नंतरचा खर्च उपचार संपल्यापासून १५ दिवसांत.

मुदतीचं नाव काढताच मागच्या रांगेतून एक गृहस्थ उठले. मार्चमध्ये त्यांनीही औषधं घेतली होती, बिलं हरवली होती, आणि टीपीएने ती पुन्हा मागितली होती. त्यांची मागणी साधी होती. भाऊ, दोन बिलं आत्ता करून द्या, तारीख तेवढी मार्चची टाका.

भाऊंनी आतून तीच गोळी आणली आणि पट्टीची मागची बाजू दाखवली. बिलावर औषधाचा बॅच नंबर छापावा लागतो, आणि ही बॅच जुलैत तयार झालेली. जुलैत जन्मलेली गोळी तुम्ही मार्चमध्ये कशी गिळलीत, हे टीपीएने विचारलं तर काय सांगू?

"मग फेब्रुवारीत बनलेली शोधा की," गृहस्थ म्हणाले.

ती मिळाली तरी बिलांचे नंबर ओळीने असतात, मधे नवं घुसवता येत नाही, आणि खोटं बिल दिलं तर दुकानाचा परवाना जायचा. पण खरोखर झालेल्या खरेदीची नोंद दुकानाला किमान दोन वर्षं ठेवावी लागते, तेव्हा डुप्लिकेट असा शिक्का मारून तेच बिल पुन्हा छापून देता येतं. भाऊंनी कॉम्प्युटर लावला. एक बिल गृहस्थांच्या सुनेच्या मोबाइल नंबरवर सापडलं. दुसरं कुणाच्याच नावावर नव्हतं, म्हणजे त्या दिवशीची सगळी बिलं चाळावी लागणार होती. तारीख कोणती, असं भाऊंनी विचारलं.

"होळीच्या आसपास," गृहस्थ म्हणाले.