शेजाऱ्याचा रकाना

आमच्याकडे ॲप मंद झालं की पहिला संशय डेटाबेसवर जातो, दुसरा ताज्या रिलीजवर आणि तिसरा माझ्यावर. त्या दुपारी तिघांचीही झडती झाली. क्वेऱ्या ठणठणीत, रिलीज जुना, आणि मी जेवायला गेलेलो. तरी बिल निघायला एरवीच्या दुप्पट वेळ लागत होता.

शेवटी मशीनवर शिरून `vmstat 1` चालवलं. त्याची पहिली ओळ सोडून द्यायची. ती मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते, आणि सरासरीत सगळेच सज्जन दिसतात. पुढच्या ओळी अशा होत्या, मधले रकाने गाळून:

```
 r  b  us sy id wa st
 5  0  48  9  4  0 39
 6  0  41  8  3  0 48
 5  0  83 12  5  0  0
```

शेवटचा `st` म्हणजे स्टील. क्लाउडवरचं आपलं मशीन एका मोठ्या सर्व्हरमधलं भाडेकरू असतं. आपला आभासी कोर कामाला तयार उभा, पण हायपरवायझरने खरा कोर तेवढ्यात दुसऱ्याला दिलेला. तो ताटकळण्याचा वेळ इथे पडतो. ४८ म्हणजे जवळपास निम्मा वेळ आम्ही दारात उभे.

"शेजारी कोण आहे कळेल का? मी बोलतो त्याच्याशी," मॅनेजरसाहेब म्हणाले. गृहनिर्माण सोसायटीत सेक्रेटरीपद भूषवलेला माणूस! पण क्लाउडवाले शेजाऱ्याचं नाव सांगत नाहीत.

शिवाय आरोपाआधी स्वतःचा भाडेकरार वाचावा. स्वस्तातल्या बर्स्टेबल मशीनला सीपीयूची क्रेडिट मोजून मिळतात. ती संपली की घरमालकच आपल्याला आवळतो, आणि तेही `st` मध्येच दिसतं. फरक असा, की तिथे `us` आणि `sy` यांची बेरीज एका आकड्याला चिकटून बसते आणि काम वाढेल तसा `st` वाढतो. शेजारी मात्र लहरी. वर पाहा, रांग (`r`) जवळपास तेवढीच, तरी `st` ४८ वरून एकदम शून्यावर. आमचं मशीन बर्स्टेबल नव्हतंच, आणि तेवढाच भार ओढणाऱ्या त्याच्या जुळ्या भावाचा `st` शांत शून्यावर होता. खटला तिथेच निकाली निघाला.

शून्यालाही फार भुलू नये. मशीन रिकामं बसलं असेल तर चोरीला जायला काही नसतं; आणि काही हायपरवायझर हा आकडा पाहुण्याला सांगतच नाहीत.

उपाय एकच होता, घर बदलायचं. नुसत्या रीबूटने मशीन बहुधा त्याच सर्व्हरवर राहतं. पूर्ण थांबवून पुन्हा सुरू केलं तर सहसा दुसरा मिळतो. तत्पूर्वी लोकल डिस्कवरचा डेटा हलवला, कारण तो या स्थलांतरात टिकत नाही. नव्या जागी `st` शून्यावर आला आणि बिलं पूर्ववत निघू लागली.

रात्री आमचा अहवालांचा जॉब सगळे कोर पिळून काढतो. तेव्हा कोणाकोणाचा `st` चढतो, हे दाखवणारा रकाना `vmstat` मध्ये नाही. मॅनेजरसाहेबांनी तो मागितलेलाही नाही.